इनपुट शून्य, तरी आउटपुटला दोन व्होल्ट: जास्त गेनच्या इन्व्हर्टिंग अँप्लिफायरमधला दोषी कसा शोधायचा

लक्षण नेहमी एकच असतं. इन्व्हर्टिंग अँप्लिफायर बांधलेला आहे, इनपुटला १ किलोओहम आणि फीडबॅकला १ मेगओहम, म्हणजे गेन उणे १०००. इनपुट ग्राउंडला टेकवलं की आउटपुट शून्यावर यायला हवं, पण मीटर १.९ व्होल्ट दाखवतो. आयसी बदलला की आकडा बदलतो, कधी चिन्हच उलटं होतं. पॉट लावून शून्य केलं तर दुपारपर्यंत पुन्हा शे-दोनशे मिलिव्होल्ट सरकलेलं असतं. मग कुणी म्हणतं नॉन-इन्व्हर्टिंग पिनला रेझिस्टर घाला, कुणी म्हणतं एफईटी इनपुटचा ऑप-अँप घ्या. दोन्ही सल्ले कुठेतरी बरोबर असतात. या सर्किटमध्ये पहिल्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही आणि दुसऱ्याने त्रास वाढू शकतो.

याचं कारण असं की आउटपुटवरच्या या चुकीचे दोन वेगळे स्रोत आहेत आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत. एक म्हणजे ऑप-अँपचं इनपुट ऑफसेट व्होल्टेज, दुसरा म्हणजे त्याच्या इनपुट पिनचा बायस करंट. आपल्या सर्किटमध्ये यातला कोणता किती आहे हे आधी मोजायचं, उपाय मग निवडायचा. मोजायला एक साधा मल्टीमीटर आणि एक सोल्डर जोड उचलण्याची तयारी एवढंच लागतं.

आधी हा ऑफसेटच आहे ना?

±१५ व्होल्ट सप्लायवर ७४१ असेल आणि आउटपुट १३-१४ व्होल्टवर जाऊन चिकटलं असेल, तर ऑफसेटच्या मागे लागू नका. ७४१ च्या साध्या प्रतीचं ऑफसेट व्होल्टेज डेटाशीटमध्ये ठरावीक २ मिलिव्होल्ट आणि जास्तीत जास्त ६ मिलिव्होल्ट दिलेलं असतं. १००० च्या गेनने ६ मिलिव्होल्टचे ६ व्होल्ट होतात, त्यात बायस करंटचा अर्धा व्होल्ट मिळवा. यापुढे आउटपुट गेलं असेल तर फीडबॅक रेझिस्टरचा जोड सुटला आहे, दोन इनपुट पिना उलटसुलट झाल्या आहेत किंवा नॉन-इन्व्हर्टिंग पिन ग्राउंडला पोहोचतच नाही. शिवाय चिकटलेल्या आउटपुटवर पुढचं कोणतंही गणित लागू होत नाही, कारण फीडबॅकचा ताबा सुटलेला असतो.

ऑसिलोस्कोप हाताशी असेल तर एक नजर आउटपुटवर टाका. सर्किट ऑसिलेट होत असेल तर मल्टीमीटर त्याची सरासरी काढून एक खोटा डीसी आकडा दाखवतो.

आणि इनपुट ग्राउंड करताना इनपुट रेझिस्टरचं बाहेरचं टोक थेट सर्किटच्या ग्राउंडला जोडा. सिग्नल जनरेटर शून्यावर ठेवणं म्हणजे इनपुट ग्राउंड करणं नाही. जनरेटरच्या आउटपुटवर स्वतःचे एक-दोन मिलिव्होल्ट डीसी असू शकतात आणि तेही हजारपट होऊन समोर येतात.

दोन चुका आउटपुटपर्यंत कशा पोहोचतात

ऑफसेट व्होल्टेज असं समजा की नॉन-इन्व्हर्टिंग पिनच्या मालिकेत, ऑप-अँपच्या पोटातच, दोन-तीन मिलिव्होल्टचा एक छोटा सेल बसला आहे. तो त्या पिनवर असल्यामुळे त्याला नॉन-इन्व्हर्टिंग गेन लागतो, म्हणजे १ अधिक फीडबॅक भागिले इनपुट रेझिस्टर. इथे तो १००१ झाला. या गेनला नॉइज गेन म्हणतात. सिग्नलला १००० मिळतो आणि ऑफसेटला १००१, त्यामुळे इथे फरक जाणवत नाही. पण उणे १ गेनच्या सर्किटमध्ये ऑफसेट दुप्पट होऊन येतो तो याच कारणाने.

बायस करंटचा रस्ता वेगळा आहे. ७४१ च्या इनपुटला एनपीएन ट्रान्झिस्टर आहेत, त्यांच्या बेसला थोडा करंट आत ओढून घ्यावाच लागतो. इन्व्हर्टिंग पिन जवळपास शून्य व्होल्टवर आहे आणि इनपुट रेझिस्टरचं दुसरं टोकही ग्राउंडवर, म्हणून त्या रेझिस्टरमधून करंट वाहायला कारणच नाही. तो सगळा करंट फीडबॅक रेझिस्टरमधूनच यावा लागतो, आणि तो पुरवण्यासाठी आउटपुट वर चढतं. इनपुट रेझिस्टर किती आहे याच्याशी या चुकीचा संबंध नाही, गेनशीही नाही. फक्त फीडबॅक रेझिस्टरशी आहे. दोन्ही एकत्र केल्या की:

```
Vout = Vos × (1 + Rf/R1) + Ib × Rf
```

इथे Ib पिनमध्ये शिरणारा धरला आहे. एलएम३५८ सारख्या पीएनपी इनपुटच्या ऑप-अँपमध्ये करंट पिनमधून बाहेर येतो, म्हणून त्याचं चिन्ह उणे होतं आणि आउटपुट खाली जातं. यातून एक चांगली खूण मिळते. अशा साध्या ऑप-अँपमध्ये बायस करंटची दिशा इनपुटच्या रचनेनेच ठरते, त्यामुळे त्याच जातीचे पाच आयसी बदलून लावले तरी त्यापासून येणारी चूक एकाच दिशेला राहते. ऑफसेट व्होल्टेज हा आतल्या दोन ट्रान्झिस्टरमधल्या बारीकशा असमानतेचा परिणाम आहे, ते कुठल्याही चिन्हाचं असू शकतं. आयसी बदलल्यावर आउटपुटचं चिन्ह उलटलं तर मोठा वाटा ऑफसेट व्होल्टेजचा आहे, हे मोजमापाआधीच कळतं.

दोन मोजमापं

आता नेमकं वेगळं करू. पहिलं मोजमाप: इनपुट रेझिस्टरचं बाहेरचं टोक ग्राउंडला, आउटपुट मोजा. दुसरं मोजमाप: तोच रेझिस्टर एका टोकाने उचलून मोकळा सोडा, पुन्हा आउटपुट मोजा.

रेझिस्टर उचलल्यावर काय होतं ते पाहा. इनपुट रेझिस्टर अनंत झाला, म्हणून नॉइज गेन १००१ वरून थेट १ वर आला. ऑफसेट व्होल्टेज आता आउटपुटला जसंच्या तसं, एकपटच दिसतं. फीडबॅक रेझिस्टर मात्र जागेवरच आहे, त्यामुळे बायस करंटची चूक तसूभरही बदलत नाही.

```
A (R1 ग्राउंडला)  = Vos × (1 + Rf/R1) + Ib × Rf
B (R1 उचललेला)   = Vos + Ib × Rf

Vos = (A − B) × R1/Rf
Ib  = (B − Vos) / Rf
```

रेझिस्टर ग्राउंडच्या बाजूने उचलू नका, इन्व्हर्टिंग पिनच्या बाजूने उचला. नाहीतर त्याची लोंबती वायर त्या पिनला अँटेनासारखी जोडलेली राहते आणि मेन्सचा गुणगुणाट थेट आत शिरतो. १ मेगओहमचा नोड हवेत असताना हाताच्या हालचालीनेही आकडा डोलतो. फीडबॅक रेझिस्टरला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर तात्पुरता लावला की आकडा शांत होतो. टाइम कॉन्स्टंट ०.१ सेकंद आहे, तेव्हा सेकंदभर थांबून वाचन घ्या. सिरॅमिक टाळा. काही सिरॅमिक कपॅसिटर दाबाने किंवा थरथरीने स्वतःच चार्ज निर्माण करतात आणि इथे आपण नॅनोअँपिअरच्या गोष्टी करतो आहोत.

इन्व्हर्टिंग पिनला थेट मीटर लावून ऑफसेट मोजायचा मोह होतो. त्याने मीटरची लीड आणि तिच्यावरचा सगळा गोंगाट सर्किटच्या सर्वांत नाजूक जागी जोडला जातो, आणि साध्या मीटरचं शेवटचं घर ०.१ मिलिव्होल्टचं असतं. अँप्लिफायर स्वतःच ऑफसेट हजारपट करून दाखवतो आहे, तोच वापरावा.

एक उदाहरण शेवटपर्यंत

के प्रकारच्या थर्मोकपलचा अँप्लिफायर घेऊ. हा थर्मोकपल सामान्य तापमानाच्या आसपास दर अंश सेल्सिअसला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. हजारपट केल्यावर दर अंशाला ४१ मिलिव्होल्ट. ऑप-अँप ७४१, रेझिस्टर वरचेच. थर्मोकपलची दोन्ही टोकं एकाच तापमानाला असताना आउटपुट १.९२ व्होल्ट आहे. थर्मोकपल काढून रेझिस्टर ग्राउंड केला तरी १.९२ व्होल्टच. म्हणजे थर्मोकपल निर्दोष आहे आणि हाच आपला पहिला आकडा, A.

रेझिस्टर उचलल्यावर आउटपुट ८४ मिलिव्होल्टवर आलं. हा B.

१९२० मधून ८४ वजा केले तर १८३६ मिलिव्होल्ट राहतात, हजाराने भागले की ऑफसेट व्होल्टेज १.८३६ मिलिव्होल्ट. ८४ मधून ते १.८ वजा केलं की उरलेले साधारण ८२ मिलिव्होल्ट १ मेगओहमवर पडतात, म्हणून बायस करंट ८२ नॅनोअँपिअर. ७४१ चा ठरावीक बायस करंट ८० नॅनोअँपिअर दिलेला असतो, तेव्हा आयसी अगदी ठणठणीत आहे. तो बिघडलेला नाही, तो त्याच्या डेटाशीटप्रमाणेच वागतो आहे. अंशांत पाहिलं तर हे १.९२ व्होल्ट म्हणजे जवळजवळ ४७ अंशांची चूक, आणि त्यातली ४५ अंश एकट्या ऑफसेट व्होल्टेजची.

आता ते दोन सल्ले तपासू. नॉन-इन्व्हर्टिंग पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये, इनपुट आणि फीडबॅक रेझिस्टरच्या समांतर किमतीएवढा, म्हणजे इथे १ किलोओहमचा रेझिस्टर घातला तर दोन्ही पिनांचे बायस करंट एकमेकांना खोडतात. उरतो तो त्यांच्यातला फरक, म्हणजे इनपुट ऑफसेट करंट. तो ७४१ मध्ये ठरावीक २० नॅनोअँपिअर, म्हणून ८२ मिलिव्होल्टच्या जागी २० मिलिव्होल्ट. उपाय खरा आहे, पण १९२० मधले फारतर साठेक मिलिव्होल्ट त्याने कमी झाले. उरलेल्या १.८४ व्होल्टला त्याने हातही लावला नाही. "रेझिस्टर घातला तरी काही झालं नाही" ही तक्रार इथूनच येते.

दुसरा सल्ला, एफईटी इनपुटचा टीएल०८१ लावा. त्याचा बायस करंट पिकोअँपिअरमध्ये आहे, तेव्हा ८२ मिलिव्होल्ट पूर्ण नाहीसे होतील. पण त्याच्या साध्या प्रतीचं ऑफसेट व्होल्टेज ठरावीक ३ मिलिव्होल्ट आणि जास्तीत जास्त १५ मिलिव्होल्ट आहे. दोन व्होल्टच्या जागी तीन व्होल्ट येतील, आणि वाईट नमुना वाट्याला आला तर आउटपुट सप्लायला जाऊन चिकटेल. या सर्किटसाठी ही अदलाबदल चुकीची आहे.

पॉटने शून्य करणं चालतं. ७४१ ला पिन १ आणि ५ मध्ये १० किलोओहमचा पॉट, त्याचा मधला पाय पिन ४ ला, म्हणजे ऋण सप्लायला. खोलीच्या त्या तापमानाला आउटपुट शून्य होईल. पण ऑफसेट व्होल्टेज तापमानाबरोबर सरकतं. ते दर अंशाला १० मायक्रोव्होल्ट सरकतं असं धरलं तर आउटपुट दर अंशाला १० मिलिव्होल्ट सरकेल. पेटी २० अंशांनी तापली की २०० मिलिव्होल्ट, म्हणजे वाचनात पाच अंशांची चूक. सकाळी लावलेला शून्य दुपारी हलतो तो असा. पॉट खराब असल्यामुळे तो हलत नाही, म्हणून महागडा मल्टिटर्न पॉट लावूनही तो थांबत नाही.

आणखी एक गोष्ट, कारण ती फार जणांकडून होते. या पॉटने थर्मोकपलचा किंवा बायस करंटचा ऑफसेटही एकदमच शून्य करू नये. त्या पिना ऑप-अँपच्या स्वतःच्या ऑफसेटसाठी आहेत. त्याहून पुढे इनपुट जोडीला मुद्दाम असमतोल केलं की बायपोलर जोडीत दर मिलिव्होल्टमागे अंशाला साधारण ३.३ मायक्रोव्होल्टची नवी सरकण आपणच तयार करतो.

या सर्किटला खरा उपाय म्हणजे कमी ऑफसेटचा ऑप-अँप. ओपी०७ च्या साध्या सी प्रतीचं ऑफसेट व्होल्टेज ठरावीक ६० मायक्रोव्होल्ट, जास्तीत जास्त १५० मायक्रोव्होल्ट, आणि सरकण अंशाला ठरावीक ०.५ मायक्रोव्होल्ट. आउटपुटला ६० मिलिव्होल्ट, म्हणजे दीड अंश, तोही पॉटला हात न लावता. पेटी २० अंशांनी तापली तर १० मिलिव्होल्ट, पाव अंश. बायस करंट ठरावीक १.८ नॅनोअँपिअर, तेव्हा १ मेगओहमवर दोन मिलिव्होल्टसुद्धा नाहीत. पण ७४१ काढून ओपी०७ तसाच त्या जागी बसवताना जुना पॉट आधी काढा. ओपी०७ मध्ये पॉट पिन १ आणि ८ ला लागतो आणि मधला पाय धन सप्लायला जातो. जुनी जोडणी तशीच ठेवली तर पिन १ पॉटमधून ऋण सप्लायला ओढली जाईल.

याहून खाली जायचं असेल तर ओपीए३३३ सारखे, स्वतःचा ऑफसेट सतत दुरुस्त करणारे चॉपर पद्धतीचे ऑप-अँप आहेत. त्याचं ऑफसेट व्होल्टेज जास्तीत जास्त १० मायक्रोव्होल्ट आहे. पण त्याचा सप्लाय १.८ ते ५.५ व्होल्टच आहे, ±१५ व्होल्टच्या बोर्डवर तो लावता येत नाही.

रेझिस्टर मोठे असतील तर चित्र उलटं

तोच ७४१, पण इनपुट १०० किलोओहम आणि फीडबॅक १० मेगओहम. गेन आता १०० आहे. ऑफसेट व्होल्टेजचे १.८३६ मिलिव्होल्ट १०१ पट होऊन १८५ मिलिव्होल्ट होतात. बायस करंटचे ८२ नॅनोअँपिअर १० मेगओहमवर ८२० मिलिव्होल्ट देतात. गेन दहापट कमी झाला तरी एकूण चूक एक व्होल्ट आहे आणि तिचा मोठा वाटा बायस करंटचा. रेझिस्टर उचलून दुसरं मोजमाप घेतलं तर आउटपुट ८२२ मिलिव्होल्टवरच राहील, फारसं खाली येणार नाही. इथे नॉन-इन्व्हर्टिंग पिनला १०० किलोओहम घातला तर ८२० चे २०० मिलिव्होल्ट होतील, आणि टीएल०८१ ने बायस करंटची चूक जवळपास संपेल. वर जे सल्ले निकामी ठरले तेच इथे कामाचे आहेत.

सीमारेषा कुठे? ऑफसेट व्होल्टेजला बायस करंटने भागा. १.८३६ मिलिव्होल्ट भागिले ८२ नॅनोअँपिअर म्हणजे साधारण २२ किलोओहम. इनपुट आणि फीडबॅक रेझिस्टरची समांतर किंमत, जी जास्त गेनला इनपुट रेझिस्टरएवढीच असते, यापेक्षा बरीच कमी असेल तर दोषी ऑफसेट व्होल्टेज. बरीच जास्त असेल तर बायस करंट. डेटाशीटचे आकडे घालून हा भागाकार सर्किट बांधण्याआधीच करता येतो.

मात्र ओपी०७ ला सवयीने तो समतोल रेझिस्टर घालू नका. त्याचा बायस करंट आतच खोडलेला आहे. जो उरतो तो दोन्ही पिनांना सारखा किंवा एकाच दिशेचा असेलच असं नाही, त्यामुळे खोडण्यासारखं फार काही राहत नाही आणि रेझिस्टरचा नॉइज तेवढा वाढतो.

सिग्नल फक्त एसी असेल तर

मायक्रोफोन, पिकअप कॉइल, कंपनाचा सेन्सर असं काही असेल तर इनपुट रेझिस्टरच्या मालिकेत एक कपॅसिटर घाला. दुसऱ्या मोजमापात रेझिस्टर उचलून आपण जे केलं तेच हा कपॅसिटर डीसीसाठी कायमचं करतो. डीसीला नॉइज गेन १ होतो आणि १.८ मिलिव्होल्टचे आउटपुटला १.८ मिलिव्होल्टच दिसतात. १ किलोओहमबरोबर १० मायक्रोफॅरड घेतला तर खालची सीमा साधारण १६ हर्ट्झ येते.

कपॅसिटर आउटपुटच्या पुढे घालणं हा याचा पर्याय नाही. त्याने पुढच्या टप्प्याला डीसी जात नाही हे खरं, पण या टप्प्याचं आउटपुट दोन व्होल्टवरच बसलेलं राहतं आणि मोठा सिग्नल एका बाजूने आधी कापला जातो.

बायस करंटची चूक कपॅसिटरने जात नाही, १ मेगओहमवर ते ८२ मिलिव्होल्ट तसेच राहतात. ते खोडायचे असतील तर नॉन-इन्व्हर्टिंग पिनचा रेझिस्टर आता १ किलोओहमचा चालणार नाही. डीसीच्या दृष्टीने इन्व्हर्टिंग पिनला फक्त फीडबॅक रेझिस्टर दिसतो, म्हणून इथे १ मेगओहमच लागेल, आणि नॉइज दाबायला त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड. सेन्सरवर डीसी व्होल्टेज असेल तर इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची गळतीही फीडबॅक रेझिस्टरमधूनच वाहते. १ मायक्रोअँपिअर गळाला की आउटपुटला पूर्ण एक व्होल्ट, त्यामुळे अशा जागी फिल्म कपॅसिटर घ्या.

एकाच सप्लायवर मोजताना

एलएम३५८ एकाच ५ व्होल्टवर आणि नॉन-इन्व्हर्टिंग पिन ग्राउंडवर असेल, तर इनपुट ग्राउंड केल्यावर आउटपुट शून्याच्या आसपास दिसलं म्हणून ऑफसेट नाही असं समजू नका. एकूण चूक ऋण असेल तर आउटपुटला ग्राउंडखाली जाताच येत नाही, ते तळाशी टेकून बसतं. एक मिलिव्होल्टचा ऋण ऑफसेट अशा वेळी सिग्नलचा पहिला मिलिव्होल्ट गिळून टाकतो, आणि लहान सिग्नलला अँप्लिफायर मुळीच प्रतिसाद देत नाही असं वाटतं. नॉन-इन्व्हर्टिंग पिन आणि इनपुट रेझिस्टरचं टोक दोन्ही अडीच व्होल्टच्या एकाच स्थिर बिंदूला जोडा, त्या बिंदूच्या तुलनेत आउटपुट मोजा, आणि मग A आणि B घ्या. एलएम३५८ चा बायस करंट पिनमधून बाहेर येतो, म्हणून सूत्रातून निघणारी Ib ची किंमत उणे आली तर ती बरोबरच आहे.